रेट विचारायच्या आधी रेट पाठवू नकोस

काका, शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे, बाबांनी काढलेली, आता मी बघतो. विहिरीच्या टर्बाइन पंपाचे बाउल, सक्शन केस असले सीआय कास्टिंग मशीनिंग करून देतो. दुबईच्या प्रदर्शनात सौदीतल्या बुरैदाच्या एका पंप डीलरची ओळख झाली. वयस्कर माणूस, मालक स्वतः, छान बोलले, चहा पाजला, कार्ड दिलं. घरी आल्या आल्या कंपनी प्रोफाइल आणि एफओबी न्हावा शेवाची रेट लिस्ट टाकली, 'बेस्ट प्राइस देतो' म्हणून. त्यांच्या परचेस मॅनेजरचा (केरळचे आहेत) रिप्लाय आला, रेट कमी करा. मी ४ टक्के कमी केले. मग सगळं गप्प. दर दोन-तीन दिवसांनी फॉलोअप टाकतोय, मालकांना व्हॉट्सअॅपवर पण. एकदाच आलं, 'वेलकम ब्रदर, इन्शाल्ला'. जर्मनीच्या पार्टीचं काम असंच मेल टाकून मिळालं होतं. इथं काय चुकतंय? अजून रेट पाडू का?
– फाउंड्रीवाला, शिरोली

भावा, आधी रेट पाडायचं बंद कर. आणि फॉलोअप पण आजच्या आज बंद कर, पुढचं नंतर बोलू.

तुझं पत्र वाचून एक गोष्ट पहिल्यांदा डोळ्यात भरली ती म्हणजे तू दोन वेगळ्या माणसांना एकच मेल टाकतोयस. मालक वेगळा आणि तो केरळचा परचेस मॅनेजर वेगळा. सौदीतल्या बऱ्याच घराण्याच्या ट्रेडिंग कंपन्यांत हे असंच असतं, वर सौदी मालक, त्याचे भाऊ-मुलं, आणि खाली रोजचं काम बघणारा आपला मल्याळी नाहीतर इजिप्तचा माणूस. आता त्या मॅनेजरचं काम काय, तर आलेला रेट घ्यायचा, जुन्या सप्लायरला दाखवायचा आणि म्हणायचं बघा, कोल्हापूरवाला एवढ्यात देतोय. जुना सप्लायर रेट खाली आणतो, मॅनेजरचं काम झालं, तुझी लिस्ट फोल्डरमध्ये गेली. त्याचा काही दोष नाही यात, तो पगार त्याचाच घेतो. पण नवीन माणूस आत घ्यायचा की नाही हे तो ठरवत नाही, ते मालक ठरवतो, आणि मालकाला तू अजून कोण आहेस हेच माहीत नाही. दुबईत चहा पाजला म्हणजे ओळख झाली असं नाही, ते तर त्याच्याकडचं साधं आदरातिथ्य झालं, स्टॉलवर जो येईल त्याला तो पाजतोच.

जर्मनीवाल्याचं आणि याचं गणित वेगळं. तिकडं ड्रॉइंग, ग्रेड, टेस्ट सर्टिफिकेट, रेट, डिलिव्हरी, कागद बरोबर असेल तर माणूस नंतर भेटला तरी चालतं. बुरैदाच्या या मालकाचा प्रश्न दुसरा आहे, की उद्या शंभर बाउल आले आणि त्यातले वीस पोरस निघाले तर हा पोरगा फोन उचलेल का. त्याचं उत्तर रेट लिस्टमध्ये नसतं. आपल्याकडं मार्केट यार्डात गुळाचे शेतकरी तीन-तीन पिढ्या एकाच अडत्याकडं माल घालतात ना, शेजारच्या पेढीवर दोन रुपये जास्त मिळत असले तरी, तसंच समज आणि पुढं चल.

म्हणून किंमत लपवायची नाहीये, फक्त ती त्याच्या तोंडून विचारली जाईपर्यंत थांबायचं आहे. आणि तोपर्यंत काय करायचं हे नीट सांगतो, कारण लोक तिथंच गडबड करतात, एकतर रोज पिंगा घालतात नाहीतर एकदम गायब होतात.

पहिलं काम, मध्ये कुणीतरी माणूस शोध. तुझ्या ओळखीत असा कोण आहे जो त्या दुकानाला माल देतो पण तुझ्या धंद्यात नाही? कोइम्बतूर-राजकोटकडचा मोटर-केबलवाला, तुझा फ्रेट फॉरवर्डर, किंवा रियाध नाहीतर दम्मामला नोकरीला असलेला आपल्याच भागातला माणूस. ईईपीसीच्या मेंबरशिपमधून कुणी डेलिगेशनला तिकडं जाऊन आला असेल तर तो पण चालेल. त्यानं मालकाला एक फोन करून एवढंच सांगायचं, की अमक्याची फाउंड्री आहे, बाप-लेक बघतात, मी ओळखतो, माणसं बरी आहेत. बस्स. तो एक फोन तुझ्या पन्नास मेलला भारी आहे. आणि ज्याला फोन करायला सांगतोस तो खरंच तुला ओळखणारा हवा, कारण तो स्वतःची पत खर्च करतोय, उद्या तू माल खराब पाठवलास तर त्याचंही तिथलं बसणं-उठणं गेलं.

दुसरं, तुझे बाबा. पत्रात तू अगदी जाता जाता लिहिलंस 'बाबांनी काढलेली' म्हणून, अरे तोच तर तुझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे! समोर साठी-सत्तरीचा माणूस, घराण्याचा धंदा, आणि तू सत्तावीस-अठ्ठावीसचा असशील, तू त्याला दर दोन-तीन दिवसांनी व्हॉट्सअॅप करतोयस. बाबांना इंग्रजी येत नसेल तरी चालेल. व्हिडिओ कॉल लाव, बाबांना फाउंड्रीत उभं कर, बाबांनी सलाम करायचा, तब्येत विचारायची, थोडं हिंदीत बोलायचं, तिकडच्या बऱ्याच जुन्या व्यापाऱ्यांना कामाच्या निमित्तानं थोडी हिंदी-उर्दू कळते, नाही कळली तर तू मध्ये आहेसच. तीन मिनिटांचा कॉल. त्यात धंद्याचं एक अक्षर नाही. मालकाला दिसतं की मागं मोठा माणूस आहे, भट्टी चालू आहे, हे उद्या पळून जाणारे नाहीत.

कॉल कधी करायचा हे पण बघ. आपण त्यांच्या अडीच तास पुढं. सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवार, २०१३ पासून, आधी गुरुवार-शुक्रवार होती. तू दुबईचा हिशोब धरू नकोस, युएईनं २०२२ पासून शनिवार-रविवार केलाय. म्हणजे तू रविवारी निवांत असतोस तेव्हा तो दुकानात असतो आणि तू शुक्रवारी सकाळी फॉलोअप टाकतोस तेव्हा तो जुम्म्याच्या तयारीत असतो. गावाकडच्या व्यापाऱ्यांचं दुपारी बंद आणि संध्याकाळी नमाजनंतर परत चालू असं असतं, त्यामुळं आपल्या रात्री साडेआठ-नऊला कॉल केलास तर माणूस निवांत सापडतो. आधी एक मेसेज टाकून वेळ विचार, डायरेक्ट रिंग नको.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, तो कॅलेंडरवर मार्क करून ठेव. त्या महिन्यात कामाचे तासच कमी, मुसलमान कामगारांना कायद्यानं दिवसाला सहाच तास, आणि ईदनंतर दोनेक महिन्यांनी हज. रमजान सुरू होताना एक शुभेच्छा, ईदला एक शुभेच्छा, मध्ये कामाचं काही नाही. तो स्वतःहून बोलला तर गोष्ट वेगळी.

आणि एक, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडं ऑफिसच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर गणेश चतुर्थीला गणपतीचा फोटो, नवरात्रात अंबाबाईचा फोटो सगळ्या पार्ट्यांना एकदम जातो. तुझ्या लिस्टमध्ये सौदीचे नंबर असतील तर आधी ते वेगळे काढ. दिवाळीची कॅलेंडरं पण देवाच्या फोटोची पाठवू नकोस. राग म्हणून नाही, पण त्या माणसाला ते ऑफिसात लावता येत नाही, मग तू त्याला उगाच अडचणीत टाकतोस. भेटवस्तूचं पण तसंच. कोल्हापूरचं म्हणून हमखास डोक्यात येतं कोल्हापुरी चप्पल, जीआय आहे, भारी दिसते, पण अरबांना पायातली वस्तू भेट देणं म्हणजे अपमान समज. गूळ दे. केमिकलविना केलेल्या गुळाचे क्यूब चांगल्या बॉक्समध्ये. खजुराच्या गावात गूळ नेला की त्यावरच अर्धा तास गप्पा होतात, आणि तो तुला खजूर देतो, बुरैदाचा खजुराचा बाजार सगळ्या आखातात नावाजलेला आहे, त्यावर विचारायला तुझ्याकडं आयता विषय.

आता मेसेज. तुझा आत्ताचा मेसेज असतो, 'डिअर सर, किंडली रिव्हर्ट ऑन अवर कोटेशन'. त्याऐवजी पुढचा एकच मेसेज असा कर, सोप्या इंग्रजीत किंवा व्हॉइस नोट, आधी सलाम, मग तब्येत कशी आहे, घरचे कसे आहेत (घरचे एवढंच, बायकोचं नाव किंवा बायको कशी आहे हे कधीही नाही), मग 'दुबईत तुम्ही वेळ दिलात, बाबांना सांगितलं, त्यांनी तुम्हाला सलाम सांगितलाय'. संपलं. फाइल नाही, लिंक नाही, धंद्याचा प्रश्न पण नाही. रिप्लाय आला तर ठीक, नाही आला तरी तीन-चार आठवडे काही टाकू नकोस. नंतरच्या मेसेजला काहीतरी त्याच्या कामाचं हवं. बाउलचं नवं पॅटर्न उतरलं, त्याचा मोबाइलवर काढलेला तीस सेकंदाचा व्हिडिओ, पोरिंगचा नाहीतर हायड्रोटेस्टचा. त्यावर म्युझिक आणि लोगो लावलास की ते जाहिरात वाटतं, साधाच राहू दे.

त्याला नाव काय घ्यायचं हा प्रश्न येईल. पहिल्यांदा नावापुढं 'शेख' किंवा साधं 'सर' चालतं. तिकडं थोरल्या मुलाच्या नावावरून बापाला हाक मारतात, मुलगा खालिद तर बाप अबू खालिद, पण हे तू स्वतःहून सुरू करू नकोस, त्याची माणसं तसं बोलावताना ऐकलंस आणि दोन-तीनदा भेट झाली की मग.

मॅनेजरचं काय? त्याला तोडू नकोस हां. त्याच्याशी नीट, वेळेवर, ईमेलवर बोल. पण त्यानं परत रेट मागितला तर टाळाटाळ न करता सांग, की दोन-तीन आयटमचं ड्रॉइंग आणि वर्षाची अंदाजे क्वांटिटी द्या, साहेबांशी एकदा बोलणं झालं की व्यवस्थित कोट करतो. याचा फायदा असा की खरी चौकशी असेल तर तो ड्रॉइंग पाठवतो, नुसती तुलना करायची असेल तर गप्प बसतो.

आता खरं सांगायचं ते हे, की गाडी पुढं चाललीये की नुसतं गोड बोलणं चाललंय हे ओळखायचं कसं. 'इन्शाल्ला' वरून काही कळत नाही, हो असलं तरी इन्शाल्ला आणि नको असलं तरी इन्शाल्ला, तोंडावर नाही म्हणणं त्यांच्याकडं वाईट दिसतं. त्याच्यापुढं तारीख, माणसाचं नाव किंवा काम जोडलंय का ते बघ. 'इन्शाल्ला बघू' म्हणजे काही नाही. 'इन्शाल्ला, माझा मुलगा तुला फोन करेल' म्हणजे काहीतरी आहे. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे तो झिजलेल्या पार्टचा फोटो पाठवतो.

समज आला फोटो. बाउलची आतली बाजू खाल्लेली, इम्पेलरच्या वेअर रिंगजवळ घळी पडलेल्या. इथं तुझे हात शिवशिवणार रेट टाकायला, एफजी २६० मध्ये किलोला एवढे, मशीनिंग एवढं. नको. उलट विचार, बोअर किती खोल, पाणी खारट आहे का, वाळू येते का, पंप किती महिने चालला, बाउल कुठल्या मटेरियलचा होता. बुरैदा कसीम भागात येतं, तिथल्या शेतांना पाणी बहुतेक खोल बोअरचं, मुख्यतः साक नावाच्या जुन्या वालुकाश्माच्या थरातनं उपसलेलं, त्यामुळं क्षार आणि वाळू हे दोन्ही प्रश्न तिथं खरे आहेत, उगाच बोलण्यासाठी बोलणं होत नाही. वाळूनं झिजलं असेल तर झीज गुळगुळीत, पाण्याच्या वाटेनं ओढल्यासारखी दिसते. क्षारानं खाल्लं असेल तर सीआयचा पृष्ठभाग मऊ, काळपट, नखानं खरवडला तर निघतो, लोखंड जातं आणि ग्रॅफाइट मागं राहतं. पहिल्याला हार्डनेस बघायचा, दुसऱ्याला नुसता हार्डनेस वाढवून उपयोग नाही, मटेरियल बदलायचं की आतनं कोटिंग करायचं हे बोलावं लागतं, आणि तू म्हणालास की 'या बोअरला माझा साधा सीआय टिकणार नाही' तर तो माणूस तुला विसरत नाही. एक ऑर्डर जाईल कदाचित. जाऊ दे.

यानंतर भेट. सौदीच्या बिझनेस व्हिजिट व्हिसाला सहसा तिकडच्या कंपनीचं इन्व्हिटेशन लागतं, ते काढायला त्यांना थोडी खटपट करावी लागते, म्हणून तेही एक मोजमाप समज. 'बाबांना घेऊन तुम्हाला भेटायला यायचं आहे, तुमच्या सोयीनं' एवढं म्हण. इन्व्हिटेशन आलं तर माणूस सिरियस. दोन महिने झाले, आठवण केली, तरी आलं नाही तर तो डीलर सध्या बाजूला ठेव, दुसरीकडं बघ, मनाला लावून घेऊ नकोस आणि त्याच्यावर चिडून मेल तर अजिबात टाकू नकोस.

भेटीत काय होतं ते सांगतो. रियाधहून बुरैदा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, गाडीनं जाशील. ऑफिसच्या आत नाहीतर मजलिसमध्ये बसवतील, तिथं तुम्ही एकटे नसणार, त्याचा मेव्हणा असेल, शेजारचा शेतकरी असेल, कुणीतरी बँकेच्या कामाला आलेला असेल, सारखे फोन येतील, मध्येच नमाजला उठतील. आपल्याला वाटतं मीटिंग सुरूच होईना. ती सुरू झालेली असते. गहवा म्हणजे अरबी कॉफी येईल, वेलदोड्याची, बिनकानाच्या छोट्या पेल्यात, उजव्या हातानं घ्यायची, एकतरी पेला घ्यायचाच, पुरे झालं की पेला हलकासा हलवायचा नाहीतर वाढणारा भरतच राहतो. बाबांना उजव्या हाताचं सांगून ठेव, पाय त्यांच्याकडं तळवे करून पसरायचे नाहीत हे पण सांग. कॅटलॉग बॅगेतच राहू दे. सॅम्पल बाउल मात्र ने, एक कापलेला, भिंतीची जाडी दिसेल असा. तो बाजूला ठेवून दे, हात लावायचा तर तोच लावेल.

रेटचा विषय कधी निघतो? बऱ्याचदा उठता उठता. दारापर्यंत सोडायला येईल आणि म्हणेल, बरं, याचे किती पडतील. त्या वेळेला चाचपडू नकोस, आकडा तयार हवा. आणि घासाघीस होणार, ती झाली नाही तर त्यालाच चुकल्यासारखं वाटेल, म्हणून आकड्यात थोडी जागा ठेव, पण ती जागा किलोच्या रेटमध्ये एका दमात सोडू नकोस. पॅटर्नचा खर्च पहिल्या काही ऑर्डरीत वाटून घेतो म्हण, मिक्स आयटमचा कंटेनर चालेल म्हण. किलोचा रेट एकदा खाली गेला की तो कायमचा खाली, पॅटर्नचं एकदाच असतं. पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव हलतात म्हणून रेट किती दिवस चालेल ते पण तिथंच तोंडी सांग आणि परत आल्यावर लिहून पाठव.

एक गोष्ट इथं कडक राहा. जेवण झालं, खजूर मिळाले, 'यू आर माय सन' झालं, म्हणून नव्वद दिवसांचं ओपन क्रेडिट द्यायचं नाही. संबंध वेगळे, पेमेंट वेगळं. पहिल्या ऑर्डरला अॅट साइट एलसी किंवा अॅडव्हान्स, आणि पुढं क्रेडिट द्यायचंच असेल तर निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या ईसीजीसीकडून त्या पार्टीवर लिमिट काढून घे. एलसी मागताना त्याला अविश्वास वाटू नये म्हणून बाबांनी बोलावं, की 'आमची बँक पॅकिंग क्रेडिट देते ती एलसी बघून देते', तू पॅकिंग क्रेडिट घेत असशील तर हे खरंच आहे. तसंच सौदीत माल उतरताना सेबर पोर्टलवरचं सर्टिफिकेट लागतं आणि ते आयातदाराच्या नावानं काढायचं असतं, तर तुझ्या आयटमला कुठलं लागतं हे माल भट्टीतून बाहेर पडायच्या आधी त्यांच्याकडून काढून घे, जेद्दा-दम्मामच्या बंदरावर कंटेनर अडकला की सगळी गहवा पाण्यात.

हे सगळं सौदीतल्या प्रत्येकाला लागू नाही बरं का. मोठ्या तेल-पाणी कंपन्या, सरकारी टेंडर, मोठे ईपीसी कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडं व्हेंडर रजिस्ट्रेशन, प्रीक्वालिफिकेशन, कागद, तिथं गूळ घेऊन जाऊन उपयोग नाही, तिथं तुझी जर्मनीवाली पद्धतच बरी. मी सांगतोय ते घराण्याच्या डीलरचं. आणि हा मार्ग स्वस्त पण नाही, दोघांचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, आणि पहिली ऑर्डर यायला सहा महिने-वर्ष सहज जातं, म्हणून एका वेळी दोन-तीनच पार्ट्या धर. वीस जणांशी असं वागता येत नाही.

राहिला प्रश्न तू आधीच पाठवलेल्या रेटचा आणि त्या ४ टक्क्यांचा. परत मागे घ्यायला जाऊ नकोस, सॉरी-बिरी पण नको. लिस्टवर व्हॅलिडिटी लिहिली होतीस का बघ, तारीख उलटली असेल तर ती आपोआप संपली, नवीन ड्रॉइंगवर नवीन कोट. लिहिली नसेल तर मॅनेजरला एक ओळ टाक, की पाठवलेले रेट या महिनाअखेरपर्यंत, नंतर मटेरियलच्या भावानुसार. मालकाला त्यातलं काही पाठवू नकोस. आणि मालकानं कॉलला वेळ दिली की त्या रात्री बाबांना जरा बरा शर्ट घालून भट्टीपाशी उभं कर.